विसाव्या दिवसाची खाज

रात्री अकराला मागच्या बेसिनच्या आरशासमोर उभं राहून लेन्स काढायची आणि मग पुढची दहा मिनिटं डोळे चोळत बसायचं, हे मी जवळजवळ दोन महिने केलं. गंमत म्हणजे लेन्स डोळ्यात असताना इतकं काही वाटायचं नाही. काढली की खाज सुटायची, आणि ती पण अशी की बोटाने भागायचं नाही, मनगटाने चोळावं लागायचं. चोळताना जे सुख मिळतं ना ते ऍलर्जीवाल्यांनाच कळेल. आणि सकाळी उठलं की डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा चिकट धागा. बोटाने ओढला की लांबच लांब निघायचा, मैद्याच्या चिकीसारखा.

मोठी माय अमळनेरहून आली होती तेव्हा सकाळी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुना डोयामा काय गयं वं?" मी म्हटलं काही नाही, रुई गेली असेल. आणि ते अगदीच खोटं पण नव्हतं.

मी पाळधीच्या पुढे एका जिनिंगमध्ये अकाउंट्सला आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की काट्यावर ही लाईन लागते, आणि फेब्रुवारीपर्यंत आमच्या ऑफिसच्या काचेवर, कीबोर्डवर, चहाच्या कपात, सगळीकडे रुईचे बारीक तंतू. सरकी वेगळी होताना जी धूळ उडते ती वेगळीच. मला लहानपणापासून शिंकांचा त्रास, आणि नोकरी मिळाली ती पण कुठे, तर जिनिंगमध्ये! नशीब म्हणायचं दुसरं काय.

चष्म्याचा नंबर उजव्याला मायनस सव्वाचार, डाव्याला साडेतीन. लेन्स लावायला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती, महिन्याच्या, म्हणजे मंथली. एका बॉक्समध्ये तीन लेन्स, दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा म्हणून बॉक्स दोन. (चष्म्यात सव्वाचार असला तरी लेन्स चारचीच लागते बरं का, कारण लेन्स बुबुळालाच चिकटलेली असते आणि चष्मा बोटभर लांब. नंबर जितका मोठा तितका हा फरक जास्त. मी पहिल्यांदा चष्म्याच्या चिठ्ठीवरून ऑनलाईन मागवणार होते, थोडक्यात वाचले.)

आता माझा गुन्हा सांगते. मी घेतल्या त्या दुकानातल्या भाऊने मला सांगितलं होतं की ताई, मंथली म्हणजे तीस वेळा घालायची, तीस दिवस नाही. तुम्ही रोज घालत नाही ना, मग दोन अडीच महिने सहज जाते. मला काय, ऐकायला गोडच वाटलं. मी एक जोडी अडीच महिने वापरायचे आणि मैत्रिणींना पण हेच ज्ञान वाटायचे. असं नसतं. सीलबंद पाकीट उघडलं की त्या दिवसापासून कॅलेंडर सुरू. तुम्ही घाला नाहीतर डबीत ठेवा. मऊ लेन्सचं प्लास्टिक पाण्याने भिजलेलं असतं, ते अश्रूतलं, लेन्स धुवायच्या सोल्युशनमधलं, हातावरचं सगळं शोषत राहतं, आणि डबीत पडून राहिली तरी सोल्युशन बदललं नाही तर त्यात जंतू वाढायला लागतात. तीस दिवस म्हणजे तीस दिवस.

बरं, सुरुवातीचे पंधरा दिवस लेन्स एकदम मस्त असायची. पंधरा ते वीस ठीक. विसाव्या दिवसापासून खाज, आणि आणखी एक गोष्ट, जी मला तेव्हा कळली नाही आणि म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. पापणी लवली की लेन्स वर सरकायची. एकदम नजर धूसर व्हायची, पुन्हा लवली की परत जागेवर. मला वाटायचं लेन्स सैल झालीय, की नंबर वाढला. एक्सेलमध्ये ८ आणि ३ ओळखताना मी दहा वेळा डोळे मिचकवायचे. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले पण, कोणाला डोळा मारताय मॅडम, साहेब येऊन राहिले.

शेवटी डिसेंबरात एका सकाळी उजवा डोळा इतका सुजला की डॉक्टरांकडे जावंच लागलं. जाताना लेन्स घालून गेले, म्हटलं त्यांना पण बघू दे. मॅडमनी पहिल्यांदा लेन्स काढायला लावली. कारण तपासताना जो पिवळा रंग टाकतात, फ्लोरेसिन, तो मऊ लेन्सला लागला की ती हळदीच्या डागासारखी पिवळी होऊन बसते. मग म्हणाल्या, खाली बघ. एका हाताने वरच्या पापणीचे केस धरले, दुसऱ्या हातातली कापसाची काडी पापणीवर ठेवली आणि पापणी उलटी केली. दुखत नाही अजिबात, पण आपल्या पापणीची आतली बाजू बाहेर आलीय ही कल्पनाच कशीतरी वाटते.

त्यांनी मशीनमधून फोटो काढून दाखवला. चांगल्या पापणीची आतली बाजू गुळगुळीत गुलाबी असते, ओठाच्या आतल्या बाजूसारखी. माझी लाल होती आणि तिच्यावर दाणे. मक्याचं कणीस सोलल्यावर जसे एकाला एक लागून दाणे दिसतात तसे, फक्त अगदी बारीक. मोठे होते ते साधारण एक मिलिमीटर. आणि हे दाणे घेऊन ती पापणी दर लवण्याला लेन्सवरून घासत होती, दिवसातून हजारो वेळा. लेन्स वर का सरकते ते लगेच कळलं. ते दाणेच तिला ओढून नेत होते.

याचं नाव जायंट पॅपिलरी कंजंक्टिव्हायटिस, डॉक्टर लोक जीपीसी म्हणतात. नाव भारदस्त आहे पण गोष्ट सोपी आहे. अश्रू म्हणजे नुसतं खारं पाणी नसतं. त्यात प्रथिनं असतात, लायसोझाइम त्यातलं मुख्य, जंतू मारण्यासाठी. ती लेन्सवर बसतात, सुकतात, त्यांचा आकार बिघडतो, आणि मग आपलंच प्रथिन आपल्याच शरीराला परकं वाटायला लागतं. वरची पापणी त्याच्यावर घासते, वरून रुईची धूळ, परागकण जे काय उडतं ते त्याच थरात अडकतं. ऍलर्जीच्या माणसाची पापणी आधीच भांडायला तयार असते, तिला रोज सकाळी कालचीच घाण परत नेऊन देणं म्हणजे मंथली लेन्स. असं मॅडमनी नाही म्हटलं, हे माझं. त्या एवढंच म्हणाल्या, "ही लेन्स किती दिवसांची?" मी खोटं बोलणार होते, पण उलट्या पापणीने खोटं बोलवत नाही. म्हटलं, सत्तर.

त्यांनी काही रागावलं नाही. कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं.

चार आठवडे लेन्स बंद. ऍलर्जीचे थेंब, ओलोपॅटाडिन नावाचे, थंड पाण्याच्या पट्ट्या, आणि चोळायचं नाही. चोळायचं नाही हे सगळ्यात अवघड होतं. चोळल्याने पापणीतल्या पेशी फुटून खाज सुटवणारं द्रव्य आणखी बाहेर पडतं, म्हणजे खाजवलं की जास्त खाजतं, गजकर्णासारखंच. ज्यांचं माझ्यापेक्षा जास्त असतं त्यांना थोडे दिवस स्टेरॉइडचे थेंब देतात, पण ते डॉक्टरांच्या नजरेखालीच. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने घेऊ नका, त्याने डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि ते वाढलेलं कळत पण नाही.

तिसऱ्या आठवड्यात सकाळचा तो धागा बंद झाला. पाचव्या आठवड्यात परत पापणी उलटी करून बघितली. दाणे एकदम जात नाहीत, ते महिनोन् महिने राहतात, पण लाली गेली होती आणि खाज गेली होती. मग मॅडम म्हणाल्या, आता घालायच्याच असतील तर डेली घाल. सकाळी नवीन उघडायची, संध्याकाळी फेकायची. थर बसायला वेळच मिळत नाही. सोल्युशन नाही, म्हणजे सोल्युशनमधल्या प्रिझर्व्हेटिव्हचा त्रास पण गेला. तो पण काहींना असतो आणि ऍलर्जीसारखाच दिसतो.

आणि दुकानात गेल्यावर मी डेलीचा भाव ऐकला.

तीस लेन्सचा बॉक्स पंधराशे. दोन डोळ्यांचे दोन, तीन हजार. महिन्याला तीन हजार! माझ्या स्कूटीचा हप्ता याच्यापेक्षा कमी. मी घरी आले, जेवले आणि आमच्या काटापावतीच्या मागे हिशोब मांडला, कारण अकाउंटवाल्या माणसाला दुसरं येतं काय.

मंथलीच्या दोन बॉक्सला तेवीसशे, तीन महिन्यांचे. म्हणजे महिन्याला साधारण ७७०. सोल्युशनची ३५५ मिलीची बाटली ४२०ची. आता ती किती दिवस जायला पाहिजे ते बघा. डबीच्या दोन्ही खणात मिळून साधारण सात मिली लागतं. घालण्याआधी आणि काढल्यावर तळहातावर घेऊन चोळून धुवायचं त्याला चार-पाच मिली. रोजचे अकरा-बारा. म्हणजे बाटली महिनाभर. माझी चार महिने जायची! कारण मी डबीतलं कालचं सोल्युशन फेकतच नव्हते, वरून थोडं टाकायचे, फोडणीच्या तेलात तेल टाकावं तसं. जुन्यात नवीन मिसळलं की त्याची जंतू मारायची ताकद जाते. आणि बाटली उघडल्यापासून तीन महिन्यांनी फेकायची असते, अर्धी भरलेली असली तरी. हे बाटलीवरच लिहिलेलं आहे, इतक्या बारीक अक्षरात की लेन्स घातल्याशिवाय दिसत नाही.

तर प्रामाणिकपणे वापरली तर मंथली पडते ७७० आणि ४२०, साधारण बाराशे रुपये महिना. मी जी इतकी वर्षं स्वस्त स्वस्त म्हणत होते ती मंथली स्वस्त नव्हती, मी चोरी करत होते.

आणि डेली पडते दिवसाला शंभर. इथे खरी मेख आहे. मंथलीचा खर्च महिन्याला ठरलेला, घाला नाहीतर नका घालू, बाराशे गेलेच. डेलीचा खर्च फक्त घातलेल्या दिवसाचा, न उघडलेली लेन्स पाकिटावरच्या तारखेपर्यंत निवांत पडून राहते. म्हणजे माझ्या भावात महिन्यातून बारा दिवसांपर्यंत डेली स्वस्त किंवा बरोबरीत. बाराच्या पुढे मंथली स्वस्त. रोज घालणार असाल, म्हणजे सव्वीस दिवस कामाचे धरले तर सव्वीसशे विरुद्ध बाराशे, चौदाशेचा फरक, आणि तो फरक फरकच आहे, त्याला काही उत्तर नाही. एखादी लेन्स बेसिनमध्ये वाहून गेली तर डेलीचे पन्नास जातात, मंथलीची नवी असताना जवळजवळ चारशे. तुमच्या गावात, तुमच्या ब्रँडला भाव वेगळा असेल, पण रीत हीच. तुमच्या मंथलीचा आणि सोल्युशनचा महिन्याचा खर्च काढा, त्याला डेलीच्या एका जोडीच्या भावाने भागा, जो आकडा येईल तितके दिवस.

मग मी स्वतःला विचारलं की जिनिंगमध्ये लेन्स पाहिजेच कशाला. तिथे चष्मा उलट बरा, रुई अडवतो. लेन्स मला पाहिजे असते लग्नाला, रविवारी, गाडी लांब चालवायची असेल तेव्हा, पावसात. मोजले तर दहा दिवस. हजार रुपये. झालं.

डोळ्यात ऍलर्जीचे थेंब आणि लेन्स दोन्ही असतील तर एक लक्षात ठेवायचं. थेंब आधी टाकायचे, मग किमान दहा मिनिटं थांबायचं, मग लेन्स. कारण त्या थेंबांत बेन्झाल्कोनियम नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते मऊ लेन्स स्पंजासारखं शोषून घेते आणि दिवसभर बुबुळावर सोडत बसते. आणि डोळा लाल असेल त्या दिवशी लेन्स नाहीच, डेली असली तरी नाही. मी थेंब टाकून दूध तापवायला ठेवते. दूध वर आलं की दहा मिनिटं झाली, आमच्या गॅसचा तेवढा अंदाज आहे मला.

फेब्रुवारी, मार्च सुरळीत गेलं. मी सगळ्यांना सांगत सुटले होते की डेली घ्या डेली. मग आखाजी आली, आणि तिच्याबरोबर आमचा उन्हाळा.

जळगावचा मे महिना ज्याने काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. चव्वेचाळीस, पंचेचाळीस. दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं. मावसबहिणीच्या लग्नात मी सकाळी नवीकोरी डेली घातली आणि दुपारी तीनला डोळ्यात वाळू. खाज नाही, अजिबात नाही. जळजळ, टोचणं, आणि लेन्स बुबुळाला चिकटून बसल्यासारखी. स्टेजमागच्या खोलीत कूलरसमोर बसले तर आणखी वाढलं. मला वाटलं की परत दाणे आले, सगळा खर्च पाण्यात.

मॅडमनी परत पापणी उलटली, दाणे शांत होते. मग म्हणाल्या, खाजतं का जळतं? मी म्हटलं जळतं. संध्याकाळी जास्त की सकाळी? संध्याकाळी. "मग हा दुसरा आजार आहे," त्या म्हणाल्या. हे मला कोणी चार वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं. आपण डोळ्याच्या कुठल्याही त्रासाला ऍलर्जी म्हणतो. खाज हे ऍलर्जीचं लक्षण, आणि बहुतेक दोन्ही डोळ्यांना. वाळू, जळजळ, दिवस चढेल तशी वाढणारी, हा कोरडेपणा. दोन्ही एका माणसाला असू शकतात, मला आहेत. आणि तिसरं म्हणजे एकाच डोळ्याला दुखणं, उजेड सहन न होणं, नजर अंधूक होणं. ते या दोन्हीतलं नाही, तो बुबुळाला जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हा लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही.

कोरडेपणाच्या दोन तपासण्या केल्या. एकात कागदाची छोटी पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, अश्रू किती मिलिमीटर चढतात ते बघतात. माझे बारा आले, म्हणजे पाणी कमी नव्हतं. पाचच्या खाली आलं तर काळजीचं. दुसरीत तो पिवळा रंग टाकून, पापणी न लववता बघत राहायचं, आणि डोळ्यावरचा अश्रूंचा थर किती सेकंदात फाटतो ते मोजायचं. दहाच्या वर पाहिजे. माझा सहाव्या सेकंदाला फाटला.

म्हणजे विहिरीला पाणी आहे पण वरचं झाकण गळकं. अश्रूंच्या वर तेलाचा एक पातळ थर असतो, पापणीच्या कडेला बारीक ग्रंथी असतात त्या तो सोडतात. त्या माझ्या तुंबलेल्या. तेल नाही म्हणून पाणी उडतं, आणि मे महिन्यात झळांमध्ये तर काय, अंगणातली बादली उडते तिथे डोळ्याचं काय घेऊन बसलात. त्यात लेन्स घातली की तो थर मधोमध दोन भागात वाटला जातो, अर्धा लेन्सच्या वर, अर्धा खाली. वरचा आणखी पातळ होतो आणि आणखी लवकर फाटतो. हे डेलीने पण होतं आणि मंथलीने पण होतं. डेलीत एवढंच की तिच्यावर जुना थर नसतो, म्हणून अश्रू तिच्यावर जरा नीट पसरतात, म्हणून मला तीनपर्यंत तरी चाललं. मंथलीवर बारालाच झालं असतं.

दुकानातला भाऊ म्हणाला होता की कोरडं वाटतं तर जास्त पाण्याची लेन्स देतो ताई. ऐकायला बरोबर वाटतं ना? उलटं आहे. साध्या हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या, जास्त पाण्याच्या लेन्सला स्वतःचं पाणी टिकवायला पाणी लागतं. ते बाहेर उडालं की ती डोळ्यातलं ओढते. सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये पाणी कमी असलं तरी चालतं कारण बुबुळाला लागणारा ऑक्सिजन सिलिकॉनमधून जातो, पाण्यातून जायची गरज नाही. माझ्या डेली आधी पण सिलिकॉनच्याच होत्या, म्हणून तिथे बदलायला काही नव्हतं. बदलायचं होतं ते बाकीचं.

एक म्हणजे सेट्रिझिन. मी शिंकांसाठी रोज रात्री घेत होते, तिने नाक सुकतं तसा डोळा पण सुकतो. ती बंद करून डोळ्यासाठी फक्त थेंब ठेवले. (मनाने नाही, विचारून.) दुसरं, सकाळी कोमट फडक्याने पापण्या शेकायच्या, दहा मिनिटं, फडकं गार झालं की परत बुडवायचं, आणि मग पापणीच्या कडेने हलकं दाबायचं म्हणजे थिजलेलं तेल सुटतं. पंचेचाळीस डिग्रीत गरम फडक्याने डोळे शेकणारी मी पूर्ण कॉलनीत एकटीच असेन, माझी मम्मी तर हसून हसून बेजार. तिसरं, लेन्स घातलेली असताना टाकायचे थेंब, ते प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, छोट्या छोट्या कुप्यांमध्ये येतात. चौथं म्हणजे कूलरचं तोंड फिरवणं. आणि स्क्रीनसमोर पूर्ण पापणी मिटून लवणं, कारण आकडे बघताना आपण निम्म्याहून कमी वेळा लवतो आणि जे लवतो ते पण अर्धवट.

एवढं करून मे महिन्यात माझी लेन्स चालते पाच-सहा तास. आठ नाही, दहा नाही. पहिले दोन आठवडे मी ओढून ताणून दहा करायला बघत होते, आता सोडून दिलं. लग्न असेल तर विधीपर्यंत लेन्स, जेवायला बसताना चष्मा.

धुळ्याला माझा मामेभाऊ आहे, फार्मा कंपनीत, रोज गाडीवर फिरतो, ऍलर्जी नाही, डोळे ओले. त्याला मी डेली घे म्हणत नाही. रोज घालायची तर त्याला मंथलीच परवडते आणि त्याला ती झेपते. फक्त त्याला मी डबीचं सांगितलं, आणि पाण्याचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, जेव्हा येतं तेव्हा टाकी, ड्रम, हंडे सगळं भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस तेच. त्या साठवलेल्या पाण्यात अकँथमिबा नावाचा एकपेशीय जीव सुखाने राहतो. डबी त्या पाण्याने धुतली, ओल्या हाताने लेन्स धरली, की तो लेन्सवर बसून बुबुळापर्यंत पोचतो, आणि मग जे दुखणं सुरू होतं ते महिनोन् महिने जात नाही, नजर जाऊ शकते. भावाला आपली डबी बेसिनखाली धुवायची सवय. आता तो सोल्युशननेच धुतो, उपडी ठेवून सुकवतो आणि नव्या बाटलीबरोबर नवी डबी काढतो. त्याला सोल्युशनने डोळे चुरचुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी पेरॉक्साइडचं दिलं. त्या सोल्युशनला स्वतःची उभी डबी असते, सहा तास लेन्स त्यात बुडवून ठेवायची म्हणजे पेरॉक्साइडचं पाणी होतं. घाईत आधी काढून डोळ्यात घातली तर मात्र देव आठवतो. त्याने एकदा घातलीय. त्याच्या तोंडूनच ऐकावं.

आणि डेलीवाल्यांची चोरी वेगळी. शंभर रुपये फेकताना जीव होत नाही. मी पण एकदा संध्याकाळच्या दोन तासांच्या लग्नाला घातलेली जोडी रात्री जुन्या डबीत सोल्युशन घालून ठेवली, म्हटलं उद्या परत. सकाळी काढली तर एक काठाला फाटली होती, केसाएवढा चिरा, दिसला पण नाही, डोळ्यात घातल्यावर कळला. डेलीचं प्लास्टिक चोळून धुवायला बनवलेलंच नसतं. आणि काही लोक ती तिच्याच पाकिटातल्या पाण्यात परत बुडवून ठेवतात. ते साधं मिठाचं पाणी असतं, त्यात जंतू मारायचं काहीच नाही. त्या दिवशी एका डोळ्यात लेन्स आणि एका डोळ्यात काही नाही अशी मी ऑफिसला गेले, चष्मा घरी. काका परत म्हणाले, मॅडम आज एकच डोळा मारताय.

मागच्या डिसेंबरात पाडळस्याकडे मैत्रिणीच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्या पेटवून त्यात वांगी टाकलेली, धूर असा की समोरचा माणूस दिसत नव्हता, आणि मी हौसेने लाकडी बडगीत मिरच्या ठेचायला बसले. ठेचून झाल्यावर आठवलं की लेन्स घातल्यात. दोनदा साबणाने हात धुतले, तिसऱ्यांदा तेल लावून परत साबणाने, कारण मिरचीची आग पाण्याने जात नाही, तेलात सुटते. कोरड्या रुमालाला हात पुसले आणि लेन्स काढली. तरी लागलीच. डोळ्यातून धार, नाकातून धार, मैत्रिणीची सासू पदराने वारा घालतेय. मंथली असती तर ती तिखट लेन्स डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी परत घालायची हिंमत झाली नसती, आणि फेकायची पण झाली नसती. या दोन्ही कागदात गुंडाळून फेकल्या, चष्मा लावला आणि जेवायला बसले. कळण्याची भाकरी, भरीत, वरून शेंगदाण्याचं तेल. पहिल्या घासाला चष्म्यावर वाफ आली आणि मला काहीच दिसेनासं झालं.